न मिटलेली पाठ

माझ्या नोकरीची थट्टा करायला आमच्या घरी कुणाला निमित्त लागत नाही. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी कोंबडीच्या अंड्यांना खिडक्या पाडते. कवचाचा लहानसा तुकडा कापायचा, आतलं पिल्लू जेमतेम दिसू लागलं की सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं आणि मग चिकटपट्टी लावून अंडं परत उबवायला ठेवायचं. "आमचा चेडू एवढा शिकला ता अंडी फोडूक," असं आई आपल्या मुलीबद्दल पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे हसतात. देवबागला आमचं घर खाडी आणि समुद्र यांच्यामधे आहे, मागच्या चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या. त्यामुळे हसायला पाहुणे बारा महिने मिळतात. मीही हसते, कारण आईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

पण अंड्यात जे दिसतं ते बघून माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही. सुरुवातीला पाठीच्या जागी पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध भेटून मिटतात. पट्टीची नळी होते. तिच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. नळी मिटल्यावर तिच्यातल्या पेशींना धागे फुटतात. प्रत्येक धाग्याच्या टोकाला बोटं असल्यासारखं काहीतरी असतं, ते पुढे चाचपत जातं. वाटेतल्या पेशी रसायनं सोडतात. काही रसायनं म्हणतात ये, काही म्हणतात इकडे फिरकू नकोस. ते ऐकत ऐकत धागा रज्जूबाहेर पडतो आणि नेमक्या पायाच्या नेमक्या स्नायूशी जाऊन पोचतो. मी इतकी वर्षं त्या पायाच्या धाग्यांवरच काम करते आहे.

माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, बांद्याच्या पुढच्या एका गावातली. काजू आणि भातशेतीवाल्यांची मुलगी, गालात हसणारी, कामाला वाघ. आमच्याकडे आली ती ऐन हंगामात आली आणि थेट चुलीपुढे उभी राहिली. आमच्या घराची जेवणाची रीत अशी की आधी पाहुणे, मग होडीवरून आलेले पुरुष, मग आई आणि सगळ्यांत शेवटी सून. पाहुण्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, लाल माठाची भाजी, तळलेली सुरमय. वहिनीची पाळी येईपर्यंत टोपात भात असायचा आणि कढी. क्वचित तळाला गेलेला रस्सा. मी सुट्टीत आले की तिच्यासाठी भाजी काढून ठेवायची, तर आई म्हणायची, "तिका काय उपाशी ठेवतंव काय आमी?" उपाशी कुणी ठेवत नव्हतंच. पोट भातानेही भरतं.

त्या डिसेंबरात मी घरी आले तेव्हा वहिनी न्हाणीघरात जाऊन ओकत होती आणि सगळं घर कान नसल्यासारखं वागत होतं. आमच्याकडे तीन महिने पुरे झाल्याशिवाय दिवस गेल्याचं बोलत नाहीत. नजर लागते म्हणून. नवऱ्याला सांगायचं नाही, माहेरी कळवायचं नाही, डॉक्टरकडे तर मुळीच जायचं नाही. घरातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असतं, पण बोलायचं नाही. मी वहिनीला विचारलं तर ती लाजून म्हणाली, "पित्त झाला हा, वन्सं." मी आईकडे बघितलं. आई नारळ खवत होती, तिने मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर मी तेव्हा आरडाओरडा केला असता तरी काही बदललं नसतं. माणसाच्या बाळाची ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते किंवा मिटत नाही. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, मळमळ तेव्हा कुठे सुरू होते. तीन महिने पुरे झाल्यावर आईने बातमी फोडली, पेढे वाटले, वहिनीचं नाव आरोग्य केंद्रात घातलं आणि तिथून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आल्या. वहिनी त्या एकही न चुकवता घेत होती. ज्या कामासाठी त्या गोळ्या सगळ्यांत जास्त लागतात, ते काम केव्हाच संपून गेलं होतं.

मार्चात कुडाळला मोठी सोनोग्राफी होती. दादाला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं होतं, म्हणून मी रजा टाकून आले आणि वहिनीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई आधी गप्पा मारत होत्या, मग त्या बाळाचं डोकं पुन्हा पुन्हा मोजू लागल्या. डोक्याचा आकार समोरून लिंबासारखा आत दबलेला होता. लहान मेंदू मागच्या बाजूला खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकला होता. हे दोन्ही दिसलं की पाठ बघायची असते, हे मलाही माहीत होतं. कमरेच्या वर मणक्यांच्या कमानी मिटलेल्या नव्हत्या आणि तिथे एक पातळ पिशवी तरंगत होती. त्याच वेळी पडद्यावर बाळाने दोन्ही पाय झाडले, एकदा, दोनदा, जोरात.

"बघा वन्सं, कसा लाथा मारता!" वहिनी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी टेबलाजवळ बसवून सगळं सांगितलं. पाठ उघडी राहिली आहे, डोक्यात पाणी साठायला लागलं आहे. बाळ जगेल, पण बहुधा चालणार नाही, लघवी-शौचाचं नियंत्रण राहणार नाही, शस्त्रक्रिया एकीवर थांबणार नाहीत. पोटात असतानाच पाठ शिवणारी केंद्रं आहेत, पण फार थोडी आणि फार लांब, आणि घाई करावी लागेल. गर्भपात कायद्याने करता येईल. "निर्णय तुमचा, सहीही तुमचीच लागेल. घरच्यांची नाही," असं त्यांनी वहिनीला दोनदा बजावलं. वहिनी हसतच होती. हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललं आहे असं तिला वाटत असावं.

परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "डॉक्टरांचा काय तरी चुकला. पाय हालयता मा ता? तुमीच बघितलात."

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. तिला म्हटलं, वहिनी, धागे बरोबर पोचले आहेत. पाठ उघडी असली तरी पायाचे धागे आपापल्या वाटेने गेले, स्नायूंना भेटले, म्हणून पाय हलतोय. पण ज्या रज्जूतून ते निघाले तो उघडा आहे. पोटातल्या पाण्यात तो महिनोन् महिने भिजणार, गर्भाशयाला घासणार आणि हळूहळू मरणार. आज हलतोय म्हणून जन्मल्यावर हलेल असं नाही. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईसारखा झाला होता आणि मला स्वतःचीच किळस आली.

वहिनीने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "माका समाजला. पण आता हालयता मा? हालयणाऱ्याक कसा मारू?"

घरी पोचलो तर दारापुढच्या खळ्यात सगळे बसले होते. आई, बाबा, होडीवरून आलेला दादा. बातमी सांगितल्यावर आईने सुरुवात केली. वहिनी ग्रहणात बाहेर गेली होती. वहिनीने अमावास्येला माडाखालून केस मोकळे सोडून पाणी आणलं होतं. वहिनी मेल्या कासवाला ओलांडून गेली होती. वहिनी खाली मान घालून उभी आणि दादा आपल्या पायाच्या अंगठ्याचं नख बघत बसलेला. माझं डोकं फिरलं.

मी परसात जाऊन केळीचं पान कापून आणलं आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पसरलं. म्हटलं, आई, ही बाळाची पाठ. पानाच्या दोन्ही कडा उचलून मधे आणल्या. म्हटलं, कडा अशा वर येतात आणि मिटतात. आधी मानेपाशी, मग तिथून वर आणि खाली. हे व्हायला पेशी भराभर वाढाव्या लागतात आणि प्रत्येक नव्या पेशीला आतला गुणसूत्रांचा माल नव्याने घडवावा लागतो. तो घडवायला फोलेट लागतं. पालेभाजीत, कडधान्यात असतं ते. ते कमी पडलं तर वाढ मागे पडते आणि कडा भेटायच्या राहतात. मी पानाची खालची बाजू उघडी सोडून दाखवली. म्हटलं, हे झालं तेव्हा ग्रहणही नव्हतं आणि कासवही नव्हतं. तुम्ही सगळे तोंड मिटून बसला होता त्याच दिवसांत हे झालं. दर वेळी कारण एकच असतं असं नाही, रक्ताच्या नात्यातून आलेलंही काही असतं, एका बाईच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही. पण लग्न झाल्यापासून तिने रोज एक स्वस्तातली गोळी घेतली असती, तिच्या ताटात भाजी पडली असती, तर हे होण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली असती.

मला वाटलं, आता कुणीतरी शरमेल. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. ती बुद्धीने माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही, शाळा तेवढी सुटली. तिने विचारलं, "म्हणजे ता फोलेट बाळाक खंयसून मिळता?"

"आईच्या रक्तातून," मी म्हटलं.

"आणि ता हिच्या रक्तात कमी होता."

"कमी असू शकतं. कारण तिला—"

"बस," आई म्हणाली. "ऐकलंव मरे सगळ्यांनी? माझ्याच चेडवान सांगल्यान. गिराणबिराण, कासवबिसव काय नाय. खोट हिच्याच रक्तात आसा."

मी ताटाबद्दल, भाजीबद्दल ओरडत राहिले. ते कुणाला ऐकायचंच नव्हतं. इतका वेळ वहिनीवर जे आरोप होते ते अंधश्रद्धेचे होते, त्यांना हसता तरी येत होतं. मी त्यांच्या हातात शास्त्र दिलं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत वाडीतल्या चार घरांत पोचलं होतं की आमच्या सुनेच्या रक्तात कमतरता आहे आणि हे तिच्या शास्त्रज्ञ नणंदेनेच सांगितलं.

दादाने मात्र एकच वाक्य उच्चारलं. "देवाक इचारूया."

गावच्या देवळात कौल लावायचा ठरला. दगडी देवाच्या अंगावर पाण्याने तांदळाचे दाणे चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि उजवीकडचा दाणा आधी पडतो की डावीकडचा यावर देवाचं उत्तर ठरतं. मी या गोष्टीला हसत नाही. जमिनीचे तंटे, लग्नं, होड्यांचे मुहूर्त, सगळं आमच्याकडे कौलावर चालतं, आणि माणसांना कुठेतरी निर्णय टेकवायला जागा लागते हे मला कळतं. मी समजत होते की मूल ठेवायचं की नाही हे विचारणार. वहिनीही तेच समजून पदर सावरून उभी होती, ओठांनी काहीतरी पुटपुटत होती.

गुरवाने गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या घरात जी अडचण इली हा, ती ह्या घरची असात तर डावो दी, सुनेच्या म्हायारची असात तर उजवो दी, आणि सगळ्यांका मार्गी लाव रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. दादाही म्हणाला.

मुलाबद्दल कुणी विचारलंच नाही. कौल उजवा पडला. आईने देवाला हात जोडले, तिच्या चेहऱ्यावर किती हलकेपणा आला ते मी बघितलं आणि त्या क्षणी मी माझ्या आईचा द्वेष केला. तसं लिहायला आजही लाज वाटत नाही. वहिनी पुढे झाली आणि गुरवाला म्हणाली, "माझ्या बाळाचा इचारा मरे." गुरवाने बाबांकडे बघितलं. बाबा चपला घालत होते.

दोन दिवसांनी वहिनीला माहेरी पोचवलं. आईचं म्हणणं होतं की मूल काढून ये, मग बघू. वहिनीने सही दिली नाही. एवढं शांत माणूस इतकं ठाम असू शकतं हे आमच्या घराला ठाऊक नव्हतं, ते त्यांना उर्मटपणा वाटलं. दादा बस थांब्यापर्यंतसुद्धा आला नाही. पर्यटक खोळंबले होते म्हणे.

पावसाळ्यात गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेने मुलगी झाली. मी गेले होते. पाठीवरची पिशवी दुसऱ्या दिवशी शिवली, पुढच्या आठवड्यात डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला नळी बसवली. वहिनीने सगळ्यात आधी दुपटं बाजूला करून पाय बघितले. दोन्ही पावलं आत वळलेली होती. तिने तळव्याला बोट लावलं, मग नख लावलं. पोरगी झोपेत दूध चोखत असल्यासारखं तोंड हलवत राहिली, पाय जिथल्या तिथे होते. वहिनीने परत दुपटं गुंडाळलं आणि मला म्हणाली, "तुमी सांगला होतात." त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बाकी सगळं रीतसर झालं. सहमतीचा घटस्फोट झाला. सहमती म्हणजे वहिनीचा बाप कोर्टाच्या आवारात रडत होता आणि वहिनी त्याला गप्प करत होती. पुढच्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं, मी गेले नाही. पण गणपतीला जावंच लागलं.

चुलीपुढे नवी सून होती. चांगली मुलगी, तिचं काही चुकलं नव्हतं. दुपारी जेवणं सुरू झाली आणि मला दिसलं की आई स्वतः तिच्यासाठी ताट वाढते आहे, पुरुषांच्या बरोबरीने. ताटात लाल माठाची भाजी, मुगाची उसळ, वर शेवग्याच्या पाल्याची आमटी. भाजी शिजवून पाणी ओतून द्यायचं नाही, हेही आईला ठाऊक झालं होतं. जेवण झाल्यावर तिने फळीवरची डबी काढली आणि सुनेच्या हातावर गोळी ठेवली. अजून दिवस गेलेले नव्हते.

"लग्नाच्या आधीसूनच सुरू केलंय," आई मला म्हणाली. "दिवस रवल्यावर सुरू करून उपयोग नाय. तूच सांगलं होतंस मा?"

मी हो म्हटलं. तिने एक अक्षर चुकीचं समजून घेतलं नव्हतं. त्या दिवशी खळ्यात मी ओरडलेला शब्दन् शब्द तिने ऐकला होता, ताटाचासुद्धा. ऐकून आत ठेवला होता आणि जिच्यासाठी वापरायचा तिच्यासाठी वापरला होता. वाडीतल्या दोन-तीन बायकाही आता लेकीसुनांना गोळ्या आधीपासून देतात. आमच्या घरामुळे. कुणी म्हणेल, चांगलंच झालं की. झालंच. मलाही रात्री पडल्या पडल्या तसं वाटतं आणि मग झोप लागत नाही.

यंदा नव्या वहिनीला मुलगा झाला. बारशाला आईने आल्यागेल्याला बाळाची पाठ उघडी करून दाखवली. सरळ, गुळगुळीत, मधोमध बारीकशी पन्हळ. "आमच्या चेडवाची विद्या," ती म्हणत होती आणि बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. अंडी फोडण्यावरून कुणीच हसलं नाही. मी ताट अर्धं टाकून उठले आणि गाडी काढून बांद्याची वाट धरली.

मुलगी आता चार वर्षांची आहे. अंगणात बसून हातांवर जोर देत पुढे सरकते, तिच्या मागून धुळीत दोन रेघा उमटत जातात. बोलायला चुणचुणीत, डोकं तल्लख. वहिनी दिवसातून चार-पाच वेळा तिची लघवी नळीने काढते. मी पोचले तेव्हा नळी उकळत ठेवलेली होती. ती अजून मला वन्सं म्हणते आणि मी तिला वहिनी. कोर्टाने त्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

"बारशाक जावन इलात?" तिने विचारलं. तिला बातमी होतीच.

"हो."

"झिल मा? बरो आसा?"

"बरो आसा."

ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. मग पोरीला हाक मारून म्हणाली, "गो, तुका भाव झालो. देवबागाक."

पोरगी हातांवर सरकत दारापर्यंत आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि विचारलं, "तो चलता?"

"अजून नाय," वहिनी म्हणाली. "चलतलो."